आयपीओच्या प्रॉस्पेक्टसवर सही करण्याआधी: नव्या संचालकासाठी मार्गदर्शक

नागपुरात गेल्या काही वर्षांत एसएमई आयपीओची, म्हणजे लहान-मध्यम कंपन्यांनी लोकांना पहिल्यांदा शेअर विकण्याची, चर्चा धंतोली-रामदासपेठेतल्या सीएंच्या ऑफिसांतून निघून थेट बुटीबोरी आणि हिंगण्याच्या कारखान्यांपर्यंत पोचली आहे. आपल्याकडच्या कंपन्या बहुतेक घरच्या. बोर्डावर भाऊ असतो, वहिनी असते आणि स्वतंत्र संचालक हवा म्हणून ओळखीतले एखादे निवृत्त प्राध्यापक किंवा बँकेतले साहेब आणून बसवलेले असतात. मग एक दिवस प्रॉस्पेक्टस, म्हणजे शेअर विकताना लोकांना द्यायचं माहितीपत्रक, तीनेकशे पानांचा गठ्ठा होऊन समोर येतं आणि कुणीतरी म्हणतं, "भाऊ, तुम्ही फक्त सही करून द्या ना, बाकीचं मर्चंट बँकर पाहून घेते."

मर्चंट बँकर आयपीओचं काम सांभाळतो, पण सही तुमची असते. हा लेख त्या सहीबद्दल आहे. मी कंपनी सेक्रेटरीचं काम करतो. कंपनी कायदा २०१३ मध्ये या सहीचा अर्थ काय होतो आणि ती करण्याआधी काय काय तपासायचं, हे पहिल्यांदाच बोर्डावर आलेल्या माणसाला कळावं असं लिहितो आहे. गुंतवणूकदारांसाठीही शेवटी थोडं आहे.

पहिली पायरी: आपलं नाव कोणत्या रकान्यात छापलंय ते पाहा

प्रॉस्पेक्टसमध्ये दिशाभूल करणारा मजकूर निघाला आणि त्यावर विसंबून शेअर घेतलेल्याचं नुकसान झालं, तर भरपाई कोणी द्यायची हे कलम ३५ सांगतं. कंपनी तर आलीच. तिच्याबरोबर प्रॉस्पेक्टस निघालं तेव्हाचा प्रत्येक संचालक, पुढे संचालक होणार म्हणून संमतीने नाव छापलेला माणूस, प्रत्येक प्रमोटर, प्रॉस्पेक्टस काढायला मंजुरी देणारा आणि ज्याचा अहवाल आत घातला आहे तो तज्ज्ञ.

यात दोन ठिकाणी लोक फसतात. एक म्हणजे प्रमोटर कोण. ज्याचं नाव प्रमोटर म्हणून छापलं तो आहेच; पण ज्याच्या हातात कंपनीचा कारभार आहे किंवा ज्याच्या सांगण्यावरून बोर्ड चालतं, तोही कायद्याने प्रमोटर ठरतो. वडिलांनी राजीनामा दिलाय, मुलं संचालक आहेत, पण चेकबुक आणि निर्णय दोन्ही वडिलांकडेच आहेत, अशी घरं आपण सगळ्यांनी पाहिली आहेत. त्या वडिलांचं नाव कुठेच छापलं नाही म्हणून ते सुटत नाहीत. निव्वळ व्यावसायिक सल्ला देणारा वकील किंवा सीए मात्र केवळ सल्ल्यामुळे प्रमोटर होत नाही.

दुसरं म्हणजे मुखत्यारपत्र. प्रॉस्पेक्टसवर प्रत्येक संचालकाची सही लागते आणि ती मुखत्याराकरवीही चालते. त्यामुळे वहिनींकडून आधीच मुखत्यारपत्र घेऊन ठेवतात आणि शेवटचा मसुदा त्यांच्या नजरेखालूनही जात नाही. मुखत्याराने केलेली सही कायद्याच्या लेखी वहिनींचीच असते. शेवटचा मसुदा हातात आल्याशिवाय मुखत्यारपत्र देऊ नका आणि दिलंच तर त्यात मसुद्याची तारीख लिहा.

दुसरी पायरी: "खोटं" म्हणजे काय ते नीट समजून घ्या

नव्या माणसाला वाटतं, आकडा खरा असला की झालं. तसं नाही. वाक्य ज्या रूपात आणि ज्या संदर्भात छापलं त्यातून दिशाभूल होते का, हे कायदा विचारतो. एखादी गोष्ट गाळल्यामुळे गैरसमज होत असेल तर तेही त्यातच येतं.

याचा सगळ्यात स्पष्ट दाखला इंग्लंडमधला आहे. रॉयल मेल स्टीम पॅकेट या जहाज कंपनीने १९२८ मध्ये कर्जरोख्यांसाठी प्रॉस्पेक्टस काढलं. त्यात मागच्या वर्षांचा लाभांश दिला होता आणि त्यातला आकडा न् आकडा खरा होता. गाळलं होतं ते इतकंच, की १९२१ ते १९२७ या काळात धंदा तोट्यात होता आणि लाभांश जुन्या गुप्त राखीव निधीतून दिला जात होता. वाचणाऱ्याला वाटलं, लाभांश देते म्हणजे कंपनी कमावतेय. कंपनीचे अध्यक्ष लॉर्ड काइलसंट यांना १९३१ मध्ये १२ महिन्यांची कैद झाली. एकही वाक्य खोटं नव्हतं, पण सगळी मिळून वाचली की खोटं चित्र उभं राहत होतं.

म्हणून मसुदा वाचताना प्रत्येक आकड्यापाशी थांबून विचारायचं: हे वाचून बाहेरचा माणूस काय समजेल, आणि आत बसलेल्या मला जे ठाऊक आहे त्याच्याशी ते जुळतं का?

तिसरी पायरी: "मला खरं वाटलं होतं" ही ढाल कुठे चालते, कुठे नाही

या विषयात मला सगळ्यात जास्त काळजी वाटते ती या मुद्द्याची, कारण अनुभवी लोकही इथे जुन्या समजुतीवर चालतात.

१८८९ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्ससमोर डेरी विरुद्ध पीक हा खटला आला होता. एका ट्राम कंपनीने प्रॉस्पेक्टसमध्ये लिहिलं की आम्हाला वाफेवर ट्राम चालवायचा हक्क आहे. प्रत्यक्षात त्यासाठी बोर्ड ऑफ ट्रेडची संमती लागत होती आणि ती बहुतांश मार्गासाठी मिळालीच नाही. कंपनी बुडाली. पण संचालकांचा मनापासून विश्वास होता की संमती मिळेल, म्हणून ते फसवणुकीच्या दाव्यातून सुटले. पुढच्याच वर्षी ब्रिटिश संसदेने कायदा करून ही पळवाट आवळली: नुसता विश्वास पुरेसा नाही, विश्वासाला वाजवी आधार हवा. आपल्या १९५६ च्या कंपनी कायद्याच्या कलम ६२ मध्ये हाच बचाव होता. वाजवी आधारावर खरं मानलं हे संचालकाने सिद्ध केलं तर भरपाईतून सुटका.

२०१३ च्या कायद्यात भरपाईच्या कलमातून हा सर्वसाधारण बचाव गेला. कलम ३५ मध्ये आता तीनच वाटा उरल्या आहेत. पहिली, संचालक व्हायला दिलेली संमती प्रॉस्पेक्टस निघण्याआधी मागे घेतली होती आणि ते तुमच्या परवानगीशिवाय निघालं. दुसरी, ते तुमच्या नकळत निघालं आणि कळताच तुम्ही तशी जाहीर सूचना दिली. तिसरी २०१७ च्या दुरुस्तीने आली आणि ती फक्त तज्ज्ञाच्या विधानापुरती आहे: त्याचं म्हणणं जसंच्या तसं दिलं होतं, तो माणूस त्या कामाचा आहे असं मानायला वाजवी कारण होतं आणि त्याची संमती कायम होती. ज्याने स्वतः वाचून सही केली त्याला पहिल्या दोन वाटा बंदच.

वाजवी विश्वासाचा बचाव आज आहे तो फौजदारी कलम ३४ मध्ये. तिथे आरोपीनेच दाखवायचं असतं की चूक किरकोळ होती, किंवा प्रॉस्पेक्टस निघेपर्यंत ते खरं मानायला त्याच्याकडे वाजवी कारण होतं. दाखवता आलं नाही तर कलम ४४७ लागतं: सहा महिने ते दहा वर्षं कैद, आणि दंड फसवणुकीच्या रकमेइतका किमान, तिप्पट कमाल. सार्वजनिक हित गुंतलं असेल तर कैद तीन वर्षांच्या खाली येत नाही.

स्वतंत्र संचालकाला आणि प्रमोटर किंवा मुख्य अधिकारी नसलेल्या बिगर-कार्यकारी संचालकाला कलम १४९(१२) चा आधार आहे. बोर्डाच्या कामकाजातून जे त्याला कळलं आणि त्याच्या संमतीने किंवा संगनमताने घडलं, किंवा जिथे त्याने पुरेशी दक्षता घेतली नाही, तेवढ्यापुरताच तो जबाबदार. पण शेवटचे शब्द परत वाचा. "मी काही पाहिलंच नाही" हे म्हणणं दक्षता न घेतल्याची कबुली होते. या कलमाचा फायदा घ्यायचा तर तुम्ही काय विचारलंत आणि काय उत्तर मिळालं हे बोर्डाच्या कागदांत उमटलेलं असायला हवं.

चौथी पायरी: शेअर विकणारी वाक्यं शोधा आणि त्यांचे कागद मागा

तीनशे पानं सारख्या बारकाईने कोणी वाचू शकत नाही. ज्या पाच-सहा वाक्यांमुळे लोक पैसे लावतील ती काढा: ऑर्डर बुक, नफ्याची वाढ, मोठे ग्राहक, कारखान्याची क्षमता, चालू खटले आणि जमा पैशांचं काय करणार ते. मर्चंट बँकरकडे प्रत्येक विधानामागच्या कागदांची फाइल असते. ती मागा. द्यायला टाळाटाळ झाली तर ती गोष्टही ईमेलवर नोंदवा.

एक उदाहरण पूर्ण करून पाहू. समजा बुटीबोरीत ट्रान्सफॉर्मरच्या टाक्या बनवणारी एक कंपनी आहे. ९० रुपये दराने ४० लाख शेअर, म्हणजे ३६ कोटींचा इश्यू. मसुद्यात वाक्य आहे: "३१ डिसेंबर रोजी कंपनीकडे ६२ कोटी रुपयांच्या ऑर्डर आहेत."

फाइल उघडली. आत ३१ कोटींच्या सही-शिक्क्याच्या खरेदी-ऑर्डर निघाल्या. १४ कोटींचा एक दरकरार निघाला, ज्यात दर ठरलाय पण ग्राहकाने किती माल उचलायचा याचं बंधन नाही. उरलेल्या १७ कोटींचं एक इरादापत्र आहे, म्हणजे माल घ्यायची नुसती इच्छा कळवलेली आहे. बेरीज ६२ बरोबर जुळते आणि पुष्कळ लोक इथेच थांबतात.

पुढे जाऊन ३१ कोटींच्या ऑर्डरी जीएसटीच्या इन्व्हॉइसशी लावून पाहिल्या, तर ६ कोटींचा माल ३१ डिसेंबरच्या आधीच गेलेला आहे. म्हणजे पक्कं शिल्लक काम २५ कोटींचं. मग इरादापत्र कोणी दिलं ते पाहिलं. देणाऱ्या कंपनीत प्रमोटरच्या साळ्याचे ४० टक्के शेअर आहेत.

इथे एक बारीक गोष्ट आहे. कंपनी कायद्यातल्या "नातेवाईक" या यादीत बायकोचा भाऊ येत नाही, त्यामुळे हिशेबातल्या संबंधित पक्षांच्या टिपेत ही कंपनी दिसणारच नाही आणि ऑडिटरनेही काही चूक केलेली नसेल. पण सेबीच्या आयपीओसाठीच्या आयसीडीआर नियमांत "प्रमोटर ग्रुप" नावाचं मोठं वर्तुळ आहे. त्यात पती-पत्नीचे भाऊ-बहीणही येतात, आणि त्यांचे २० टक्के किंवा जास्त शेअर असलेली कंपनीही. म्हणून संबंधित पक्षांच्या टिपेवर विसंबू नका. प्रमोटर ग्रुपची यादी मागा आणि मोठ्या ग्राहकांच्या नावांशी ती ताडून पाहा. गावात कोण कुणाचा साळा हे तुम्हाला माहीत असतं. मुंबईहून आलेल्या मर्चंट बँकरला नसतं.

आता वाक्य असं व्हायला हवं: "३१ डिसेंबर रोजी पक्क्या खरेदी-ऑर्डरींपैकी २५ कोटी रुपयांचे काम शिल्लक आहे. याखेरीज १४ कोटींच्या दरकरारात ग्राहकावर माल उचलण्याचे बंधन नाही, आणि १७ कोटींचे इरादापत्र प्रमोटर ग्रुपमधील कंपनीचे असून ते बंधनकारक नाही." असं लिहिलं की शेअरचा भाव थोडा कमी मिळेल आणि बोर्डात नाराजी होईल. तरी लिहूनच घ्या.

जमा पैशांच्या उद्देशालाही हीच कसोटी लावा. यंत्रांची किंवा सॉफ्टवेअरची कोटेशनं कोणाकडून आली, ती कंपनी खरोखर ते काम करते का, तिचा पत्ता आणि ताळेबंद काय सांगतो? नोएडाच्या ट्रॅफिकसोल आयटीएस टेक्नॉलॉजीजचा २०२४ चा एसएमई आयपीओ नेमका इथे अडला. सॉफ्टवेअर खरेदीसाठी दाखवलेल्या १७.७० कोटींच्या पुरवठादाराबद्दल तक्रार आली, लिस्टिंग थांबलं आणि डिसेंबर २०२४ मध्ये सेबीने गुंतवणूकदारांचे पैसे परत करायला लावले.

पाचवी पायरी: तारखेवर नजर ठेवा

डीआरएचपी, म्हणजे प्रॉस्पेक्टसचा सुरुवातीचा मसुदा, दाखल होतो तेव्हा खरं असलेलं वाक्य आरएचपीच्या, म्हणजे इश्यू उघडण्याआधीच्या जवळपास अंतिम रूपाच्या, दिवशी खोटं झालेलं असू शकतं. मधे काही महिने जातात. आरएचपी इश्यू उघडण्याच्या किमान तीन दिवस आधी कंपनी निबंधकाकडे जातो, आणि कलम ३४ मधला विश्वास प्रॉस्पेक्टस निघेपर्यंत टिकलेला असावा लागतो.

आपल्या उदाहरणात समजा ८ फेब्रुवारीला एका ग्राहकाने ९ कोटींची ऑर्डर रद्द केल्याचा ईमेल मार्केटिंगवाल्यांना पाठवला आणि आरएचपी १२ तारखेला दाखल झाला. मार्केटिंगमधून हा ईमेल बोर्डापर्यंत पोचायची आपोआप अशी काही व्यवस्था नसते. २५ कोटींचं १६ कोटी झालं आणि छापलेलं मात्र २५ च राहिलं. म्हणून दाखल करण्याच्या आदल्या दिवशी उत्पादन, मार्केटिंग, हिशेब आणि कायदेशीर कामं पाहणाऱ्या प्रत्येकाकडून लेखी उत्तर घ्या: मसुद्यानंतर काय बदललं? ही उत्तरं बोर्डाच्या इतिवृत्ताला जोडा. इश्यू चालू असताना महत्त्वाचा बदल झाला तरी गप्प बसायचं नसतं. मर्चंट बँकरला लगेच कळवून दुरुस्तीची जाहीर सूचना काढायला लावायची.

सहावी पायरी: पटलं नाही तर

वाक्य बदलत नसतील तर सही करू नका. आपला आक्षेप कोणत्या पानावर, कोणत्या वाक्याला आहे हे लिहून बोर्डाला आणि मर्चंट बँकरला पाठवा. राजीनामा द्यायचा असेल तर तो प्रॉस्पेक्टस निघण्याआधी, लेखी आणि कारणासह द्या. कंपनीने निबंधकाकडे तो कळवला नाही, तर संचालक स्वतः डीआयआर-११ फॉर्म भरू शकतो, भराच. सही केल्यानंतर, इश्यू झाल्यावर दिलेला राजीनामा या कलमांपुरता काही कामाचा नसतो. घरच्या कंपनीत हे अवघड आहे, मोठ्या भावाला नाही म्हणणं कुणालाच सोपं जात नाही. पण मंजुरी देणाऱ्यांत तुमचं नाव राहिलं, की भावाच्या चुकीची भरपाई तुमच्याकडूनही मागता येते.

अंगाशी आलं तर हिशेब कसा लागतो

उदाहरण पुढे नेऊ. एका गुंतवणूकदाराने १,२०० शेअरचे दोन लॉट घेतले, म्हणजे २,४०० शेअर, २,१६,००० रुपये. ऑर्डर बुकचं खरं चित्र बाहेर आलं आणि भाव ५२ वर आला. तोटा शेअरमागे ३८ दिसतो, पण त्यातला काही भाग एकूण बाजार पडल्याचा असेल. न्यायालयांची जुनी रीत अशी, की अलॉटमेंटच्या वेळी शेअरची खरी किंमत किती होती ते ठरवायचं आणि दिलेल्या किमतीतून वजा करायचं. खरी किंमत ६० ठरली तर नुकसान शेअरमागे ३०, या माणसाचं ७२,०००. सगळ्या ४० लाख शेअरवर असाच दावा उभा राहिला तर १२ कोटी. स्वतंत्र संचालकाला एका बैठकीची फी कायद्याने जास्तीत जास्त एक लाख मिळते, हे या आकड्याशेजारी ठेवून पाहा.

प्रॉस्पेक्टस फसवण्याच्या हेतूनेच काढलं हे सिद्ध झालं, तर कलम ३५ मधल्या प्रत्येकाची जबाबदारी वैयक्तिक आणि अमर्याद होते. कंपनी "लिमिटेड" असल्याचा तिथे काही उपयोग नाही. शिवाय सेबी वेगळी कारवाई करू शकते. फसव्या व्यवहारांसाठी सेबी कायद्यातला दंड ५ लाखांपासून २५ कोटी किंवा नफ्याच्या तिप्पट, यातलं जे जास्त तिथपर्यंत जातो.

गुंतवणूकदार असाल तर

कलम ३५ चा दावा ज्याने इश्यूत अर्ज करून शेअर घेतले त्याचा. लिस्टिंगनंतर बाजारातून घेणाऱ्याला हा रस्ता साधारणपणे मिळत नाही. त्याने सेबीकडे तक्रार करावी. कलम ३७ मुळे नुकसान झालेल्यांचा गट किंवा संघटनाही एकत्र दावा करू शकते. याशिवाय राष्ट्रीय कंपनी विधी न्यायाधिकरणाच्या मुंबई खंडपीठाकडे सामूहिक अर्जाची सोय आहे, त्यासाठी किमान १०० सभासद किंवा एकूण सभासदांच्या ५ टक्के, यातली लहान संख्या पुरते. लिस्टेड कंपनीत २ टक्के शेअर असले तरी चालतं.

सगळ्यात अवघड सिद्ध करायचं असतं ते हे, की आपण त्या विधानावर विसंबून पैसे लावले. ग्रे मार्केटचा, म्हणजे लिस्टिंगआधीच्या अनौपचारिक बाजारातला, प्रीमियम पाहून अर्ज केला आणि प्रॉस्पेक्टस उघडलंच नाही, अशा माणसाला ते जड जातं. अर्ज करतानाच आरएचपी उतरवून त्या तारखेनिशी जपून ठेवा, ज्या पानांमुळे निर्णय घेतला त्यांवर खूण करा, आणि अर्जाची पावती व अलॉटमेंटचा मेसेज त्याच फोल्डरमध्ये टाका. दाव्याची मुदत साधारण तीन वर्षांची असते आणि फसवणुकीत ती उघड झाल्यापासून मोजली जाते, म्हणून खरी माहिती तुम्हाला कोणत्या दिवशी आणि कुठून कळली त्याचं कात्रणही तिथेच ठेवा.